तिसऱ्या धावेला पाय का धरतात, आणि क्रिएटिन डोक्यापर्यंत पोचतं का

ताई, मी भांडुपला राहते, वय २२, पोलीस भरतीची तयारी करतेय. मैदानावर सर १०० मीटरच्या सहा धावा मारायला लावतात, मधे एकेक मिनिट रेस्ट. पहिल्या दोन मस्त जातात, तिसरीपासून पाय उचलतच नाहीत, आणि ८०० मीटरला मात्र दम पुरतो. जिमचा ट्रेनर म्हणतो क्रिएटिन घे, पायांना पण चांगलं आणि डोक्याला पण, लेखीचा अभ्यास लक्षात राहील (रात्री पाचच तास झोप होते माझी). आमच्या घरी सगळे माळकरी, अंडंसुद्धा येत नाही. आई म्हणते हे स्टिरॉइड आहे, किडनी जाईल. मैदानी चाचणीला तीनेक महिने आहेत. घेऊ का?

आधी पायांचं बघू, कारण तुझी खरी गोची पावडर नसल्यामुळे नाहीये, ती त्या एका मिनिटाच्या रेस्टमध्ये आहे. सरांवर लगेच चिडू नकोस, पुढे सांगते त्यांचं कुठे बरोबर आहे ते.

स्नायू आकसायला एटीपी लागतो, म्हणजे पेशी ज्यातून लगेच ऊर्जा घेते तो रेणू, हे शाळेत वाचलंयस. पण शाळेत एक गोष्ट सांगायची राहून जाते, की हा एटीपी स्नायूत साठा म्हणावा एवढा नसतोच. जेवढा असतो तेवढ्यावरच जीव खाऊन धावायचं म्हटलं तर दोन-तीन सेकंदांत तो संपायला हवा, म्हणजे शिट्टी झाली आणि तू दहा-पंधरा मीटर गेलीस की पाय लाकडासारखे कडक होऊन जागच्या जागी थांबायला हवेत. असं कुणाचंच होत नाही. धाव संपल्या संपल्या मांडीतून सुईने बारीकसा तुकडा काढून मोजायचे प्रयोग झालेत (वाचूनच अंगावर काटा येतो, पण लोकांनी करून घेतलेत), त्यात एटीपी थोडा खाली गेलेला दिसतो, संपलेला दिसत नाही. खरा खाली गेलेला असतो तो क्रिएटिन फॉस्फेट.

तर हा क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे काय, तर क्रिएटिन नावाच्या छोट्या रेणूला अडकवलेला एक फॉस्फेट. आराम करत असलेल्या स्नायूत तो एटीपीच्या तीन-चार पट असतो. एटीपी वापरला गेला की त्याचा एक फॉस्फेट सुटतो आणि मागे एडीपी उरतो, तेवढ्यात क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम येतं आणि क्रिएटिनवरचा फॉस्फेट उचलून त्या एडीपीवर बसवतं, झाला परत एटीपी. एवढंच. एकच पायरी, ऑक्सिजन नको, साखर नको, वाट बघणं नको. साखरेपासून एटीपी करायचा तर दहा पायऱ्या चढायला लागतात, आणि ऑक्सिजनवाला मार्ग तर त्याहून लांबचा, श्वास, रक्त, सगळं वेग पकडेपर्यंत तुझी १०० मीटर संपलेली असते.

जिममध्ये याला पॉवरबँक म्हणतात, तुझ्या ट्रेनरनेही तेच सांगितलं असणार. उपमा वाईट नाही पण अर्धीच आहे. पॉवरबँक म्हटलं की वाटतं मेन बॅटरी उतरली की मग ती लावायची. इथे तसं नाही, इथे बॅटरी उतरूच द्यायची नाही असं काम चालतं. पहिल्या पावलापासून एडीपी जरा कुठे वाढायला लागला की तिथल्या तिथे त्याचा एटीपी होतो, म्हणून एडीपी कायम एकदम कमी राहतो. आणि हे कमी राहणं फार महत्त्वाचं आहे, कारण एटीपीमधून किती जोर मिळणार हे एटीपी किती आहे एवढ्यावर ठरत नाही, शेजारी एडीपी आणि सुटा फॉस्फेट किती साचलाय त्यावरही ठरतं. तो कचरा साचला की आकसलेला स्नायू सैल करायला जो कॅल्शियमचा पंप लागतो तो मंदावतो, स्नायू वेळेवर सुटत नाही, आणि मग जे तू लिहिलंयस ना, पाय उचलतच नाहीत, ते बऱ्याच अंशी हेच. पाय ढकलायला जोर कमी आणि सोडायलाही उशीर. याला बफर म्हणतात, साठा हा त्याचा फक्त एक भाग. (अजून एक छोटी गोष्ट, हा फॉस्फेट बसवताना एक आम्लाचा कणही वापरला जातो, त्यामुळे पहिले काही क्षण स्नायू आंबट व्हायच्याऐवजी किंचित उलट दिशेला जातो. मैदानावर याचा काही उपयोग नाही, पण मला आवडतं म्हणून सांगितलं.)

आता जिममधला दुसरा गैरसमज, पहिली दहा सेकंदं क्रिएटिन आणि मग साखर सुरू होते असा. असे टप्पे नसतात. साखर पहिल्या एक-दोन सेकंदांतच कामाला लागते. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला, सायकलवर सहा सेकंदांचे दहा जोरकस स्प्रिंट, मधे तीस-तीस सेकंद रेस्ट, म्हणजे तुझ्या सरांच्या वर्कआउटचा चुलतभाऊच. पहिल्या स्प्रिंटमध्ये ऑक्सिजनशिवाय जो एटीपी बनला त्यातला साधारण अर्धा क्रिएटिन फॉस्फेटचा आणि जवळजवळ उरलेला साखरेचा, आणि एवढ्या सहा सेकंदांतच क्रिएटिन फॉस्फेट निम्म्याहून खाली. दहाव्या स्प्रिंटला साखरेचा हात खूपच आखडता झाला होता, जे काही चाललं होतं ते मधल्या तीस सेकंदांत जेवढा क्रिएटिन फॉस्फेट परत भरला त्यावर आणि ऑक्सिजनवर. ताकद पाव हिश्श्याहून जास्त पडली. म्हणजे एकच धाव असेल तर साखर आणि क्रिएटिन फॉस्फेट दोघं मिळून सांभाळतात, पण धावांवर धावा मारायला लागलीस की सगळा खेळ परत किती भरलं यावर येतो.

आणि भरतं कसं? इथे तुझ्या ८०० मीटरचा संबंध आहे. वापरून झालेलं क्रिएटिन कुठे पळून जात नाही, ते तिथेच असतं, त्यावर परत फॉस्फेट बसवायचा असतो, आणि तो बसवायला जो एटीपी लागतो तो रेस्टमध्ये येतो मायटोकॉन्ड्रियाकडून, म्हणजे ऑक्सिजनवर. मायटोकॉन्ड्रियाच्या दोन आवरणांच्या मधे क्रिएटिन कायनेजचाच वेगळा भाऊबंद बसलेला असतो, तो ताजा एटीपी घेतो, क्रिएटिनला फॉस्फेट लावतो आणि पुढे पाठवतो. १९७० च्या दशकात लोकांनी व्यायाम झाल्यावर मांडीला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून रक्त बंद करून बघितलं, तर पट्टा असेपर्यंत भरणं जवळजवळ शून्य, पट्टा सोडला की सुरू. म्हणून ज्याचा दम चांगला त्याचं दोन धावांच्या मधलं भरणंही जलद होतं. तुझा ८०० चा दम वाया जात नाहीये, तो नसता तर तू दुसऱ्याच धावेला बसली असतीस.

आता तुझीच प्रॅक्टिस मांडून बघू. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण चित्र कळेल. धरून चाल की पूर्ण भरलेला क्रिएटिन फॉस्फेट म्हणजे १०० आणि १०० मीटर जीव तोडून धावल्यावर ३० उरतो, म्हणजे ७० ची तूट. तूट भरायला नियम असा आहे की ठरावीक वेळात उरलेल्या तुटीतली अर्धी भरते, परत तेवढ्याच वेळात उरलेल्याची अर्धी, असं. ही वेळ साधारण अर्ध्या ते एका मिनिटाची असते, आपण एक मिनिट धरू. एका मिनिटाने तूट ३५, म्हणजे तू ६५ वर. दोन मिनिटांनी ८२ च्या आसपास. तीन मिनिटांनी ९१. चार मिनिटांनी ९५-९६. सुरुवातीला भराभर आणि शेवटचं सावकाश, हे लक्षात ठेव.

मग सरांच्या एका मिनिटात तू दुसरी धाव ६५ वर सुरू करतेस. ती बरी जाते कारण साखर अजून जोरात आहे, पण संपताना तू २० वर असशील, शिवाय आता स्नायू आंबलाय आणि आंबलेल्या स्नायूत हे भरणं मंदावतं, म्हणजे अर्धी तूट भरायला आता एका मिनिटापेक्षा जास्त लागतंय. तिसरीला तू कदाचित ५५ वर उभी राहतेस, आणि साखरेचा मार्गही आता हळूहळू स्वतःला आवरायला लागलाय. पाय धरणारच. तुझ्यात काही खोट नाही, तिसऱ्या धावेलाच होणं हे अगदी हिशोबात बसतं.

म्हणून माझं म्हणणं, पावडरच्या आधी रेस्ट बदल. आठवड्यातले दोन दिवस स्पीडचे ठेव, त्या दिवशी चार किंवा पाचच धावा आणि मधे पुरती चार मिनिटं. बसून राहायचं नाही, हळू चालत राहायचं, पाय हलते राहिले की रक्त फिरतं आणि तेच हवंय. सुरुवातीला वाटेल की हे काय आरामच चाललाय, मैदानावरचे बाकीचे टोमणे पण मारतील, मारू देत. स्पीड शिकायचा तर प्रत्येक धाव स्पीडनेच व्हायला हवी, थकलेल्या पायांनी १०० मीटर मारून शरीर हळू धावायचंच शिकतं. आणि सरांच्या एक मिनिटाच्या रेस्टलाही जागा आहे, ती वेगळ्या दिवशी, कारण त्याने आंबलेल्या पायांनी रेटत राहायची सवय होते आणि ८०० च्या शेवटच्या दीडशे मीटरला ती कामी येते. फक्त त्याला स्पीडचं वर्कआउट म्हणू नये.

फरक पडतोय का हे कसं कळेल तर मैत्रिणीला मोबाइलवर प्रत्येक धावेची वेळ लावायला सांग आणि वहीत लिही. समज पहिली १६ सेकंदांत गेली. चार मिनिटांच्या रेस्टने चौथी साडेसोळाच्या आत आली तर तुझा प्रॉब्लेम भरण्याचाच होता, सुटला. चार मिनिटं देऊनही चौथी १७ च्या पुढे जातेय तर मग कारण दुसरं आहे, झोप, जेवण, अंगात लोह कमी असणं (तुझ्या वयाच्या मुलींमध्ये हे फार सापडतं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन एकदा करूनच घे), आणि तिथे क्रिएटिनचा डबा संपवलास तरी काही होणार नाही.

आता पावडर. क्रिएटिन शरीर स्वतः बनवतं, किडनीत सुरुवात होते आणि लिव्हरमध्ये पूर्ण होतं, आणि बाकीचं मांस-मासळीतून येतं. एकूण साठ्यातलं ९५ टक्के स्नायूत. दुधात अगदी नावाला असतं, डाळ-भाजीत जवळपास नाहीच, त्यामुळे माळकरी घरातल्या मुलीच्या स्नायूत क्रिएटिन सरासरी कमी असतं आणि पावडर घेतल्यावर वाढतंही जास्त. म्हणजे फायदा होणाऱ्यांच्या यादीत तू बऱ्यापैकी वर आहेस, हे कबूल. साध्या माणसात एकूण साठा वीसेक टक्क्यांनी वाढतो, मग भांडं भरलं, वर कितीही ओता, लघवीतून जातं. ट्रेनर लोक पहिले पाच दिवस २० ग्रॅमचं लोडिंग सांगतात, त्याने साठा आठवड्यात भरतो हे खरं, पण रोज ३ ग्रॅम घेतलं तरी चारेक आठवड्यांत तिथेच पोचतं, आणि पोट बिघडत नाही. तुझ्याकडे तीन महिने आहेत, घाई कसली.

पण मिळणार काय ते नीट समजून घे. चाचणीच्या दिवशी तू १०० मीटर एकदाच धावणार आहेस. गर्दी, नंबर, रांग, या सगळ्यात तास-तास बसून असशील, तुझा क्रिएटिन फॉस्फेट तेव्हा तसाही पूर्ण भरलेला असणार. एका धावेत पावडरचा फरक पडला तर अगदी थोडा. गोळाफेक तर दोन सेकंदांचं काम, तिथे साठा संपायचा प्रश्नच येत नाही, तिथे लागते ताकद आणि टेक्निक. ८०० मीटरला उपयोग नाही, उलट क्रिएटिनबरोबर स्नायूत पाणी शिरतं आणि पहिल्या काही आठवड्यांत वजन एखाद किलो वाढू शकतं, ते किलो तुलाच दोन राउंड वाहून न्यायचंय. मग फायदा कुठे, तर या तीन महिन्यांच्या प्रॅक्टिसमध्ये. जिममध्ये स्क्वॉटचा एखादा जास्तीचा रेप निघतो, चौथी-पाचवी धाव कमी मंदावते, आणि हे आठवडेच्या आठवडे साचून ताकद वाढते. म्हणजे घ्यायचंच तर आत्ता, चाचणीला पंधरा दिवस राहिले असताना नाही, तेव्हा फक्त वजन वाढेल.

आईला सांग की हे स्टिरॉइड नाही. स्टिरॉइड म्हणजे हार्मोन आणि त्याची नक्कल, हे तर अमिनो आम्लांपासून बनलेलं, खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांच्या यादीतही नाही. आणि आईला एक अजून गोष्ट सांग, हा स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेट १९२७ मध्ये ज्यांनी शोधला त्यांत एक आपलाच माणूस होता, आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्केंबरोबर. (त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन नवरा-बायकोलाही तो सापडला.) सुब्बाराव आणि फिस्के रक्तातला आणि स्नायूतला फॉस्फेट मोजायची रंगाची पद्धत बसवत होते, आणि स्नायूच्या अर्कात रंग चढायला हवा त्यापेक्षा उशीर लागत होता. दुसरा कुणी असता तर केमिकल खराब आहे म्हणून बाटली फेकली असती. यांनी ओळखलं की काहीतरी पटकन तुटणारं संयुग आहे, ते टेस्ट चालू असतानाच तुटतंय आणि फॉस्फेट हळूहळू सुटतोय. मग मांजराच्या स्नायूला विजेचे झटके देऊन बघितलं तर ते संयुग कमी, आराम दिला तर परत वाढलेलं. म्हणजे तुझी धाव आणि तुझी रेस्ट, शंभर वर्षांपूर्वी मांजराच्या पायात.

किडनीच्या भीतीला मात्र एक खरी मुळी आहे आणि ती समजून घे, नाहीतर मेडिकलला घोळ होईल. क्रिएटिन रोज थोडं थोडं आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं, आणि किडनी ठीक आहे का बघायला डॉक्टर रक्तात तेच क्रिएटिनिन मोजतात. पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन जरासं वर दिसू शकतं, किडनी ठणठणीत असूनही, आणि रिपोर्टवर लाल अक्षर आलं की घरात रडारड. निरोगी माणसात रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने किडनी खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी सुरू करायच्या आधी एकदा क्रिएटिनिन करून ठेव, म्हणजे तुलना करायला तुझाच जुना आकडा हातात असेल, आणि रक्त देताना डॉक्टरांना सांग की हे घेतेय. शंका आलीच तर सिस्टॅटिन-सी नावाची टेस्ट असते, तिला क्रिएटिनने फरक पडत नाही. किडनीचा आजार, मुतखडे, डायबेटिस, बीपी यातलं काही असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

घेताना साधं क्रिएटिन मोनोहायड्रेटच घे. महागडे वेगळ्या नावांचे प्रकार त्याच्यापेक्षा चांगले ठरलेले नाहीत. डब्यावर घटकांत एकच नाव हवं, एफएसएसएआयचा नंबर हवा, आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह पण बघून घे, आईसाठी (बाजारातलं क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनतं, मांसातून काढत नाहीत). प्री-वर्कआउटच्या रंगीत मिश्रणांत काय काय घातलंय देव जाणे. कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, सकाळीच बाटलीत कालवून दिवसभर लोकलमधून फिरवायचं नाही, पाण्यात ते हळूहळू क्रिएटिनिन व्हायला लागतं.

आता डोकं. ट्रेनर हवेत बोलला नाहीये, पण पायांवरून डोक्यावर फार लवकर उडी मारलीये त्याने.

मेंदूतही हीच सगळी यंत्रणा आहे, एन्झाइम थोडं वेगळ्या घडणीचं एवढंच. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के आणि आराम करताना खर्चाचा पाचवा हिस्सा त्याचा. प्रत्येक सिग्नलनंतर पेशींना सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ओढायचं असतं, तो पंप एटीपीवर चालतो आणि मागणी एकदम येते, झटक्यात. तिथे क्रिएटिन फॉस्फेट तेच करतो जे मांडीत करतो. मेंदूचं रक्त बंद पडलं तर पहिल्या मिनिटातच क्रिएटिन फॉस्फेट कोसळतो आणि एटीपी त्याच्यामागून, म्हणजे तो आधी स्वतः रिकामा होऊन एटीपीला थोडा वेळ मिळवून देतो. आणि हे मेंदूला किती लागतं याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा काही मुलांमध्ये दिसतो, ज्यांच्यात जन्मतःच क्रिएटिन बनवायच्या किंवा पेशीत घ्यायच्या जीनमध्ये बिघाड असतो. ती मुलं उशिरा बोलतात किंवा बोलतच नाहीत, फिट येतात, बुद्धीची वाढ खुंटते. त्यातल्या बनवण्याचा बिघाड असलेल्यांना तोंडाने क्रिएटिन दिलं तर मेंदूत ते हळूहळू वाढतं आणि बरीच सुधारणा होते, जितकं लवकर तितकं चांगलं. पण ज्यांचा आत घेणारा दरवाजाच बिघडलाय त्यांना नुसतं क्रिएटिन देऊन फारसा उपयोग होत नाही.

त्या दरवाजामुळेच तुझ्या माझ्या डोक्यात पावडर सहज शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीतून क्रिएटिन फार सावकाश जातं, मेंदू बरंचसं स्वतःच बनवतो. १९९९ मध्ये काही निरोगी लोकांना रोज २० ग्रॅम चार आठवडे देऊन एमआरआयच्या मशीनवर मोजलं तर मेंदूतलं क्रिएटिन सरासरी नऊ टक्क्यांच्या आत वाढलेलं. स्नायूत वीस टक्के आठवड्यात, इथे त्याच्या निम्मंही नाही आणि महिना लागला. आणि शाकाहारी लोकांच्या मेंदूत क्रिएटिन कमी असतं असंही मोजल्यावर दिसलेलं नाही, म्हणजे घरातल्या माळेचा परिणाम मांडीवर आहे, मेंदूवर नाही.

परीक्षेला उपयोग होतो का, तर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ४५ शाकाहारी तरुणांना रोज ५ ग्रॅम सहा आठवडे दिलं, त्यांना आकडे ऐकून उलटे म्हणायच्या टेस्टमध्ये आणि बुद्धिमत्ता चाचणीत चांगलाच फायदा दिसला. यावरूनच सगळीकडे बोंबाबोंब आहे. मग २०२३ मध्ये तोच डोस, तेवढेच आठवडे, १२३ लोक, शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही, आणि फरक निघाला तो इतका बारीक की आहे म्हणायलाही धजावत नाही माणूस, आणि शाकाहारींना जास्त फायदा झाला असंही नाही. २०२४ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळं तपासून सांगितलं की क्रिएटिनने बुद्धीचं काम सुधारतं असा दावा सिद्ध होत नाही. माझंही मत तेच, लेखीसाठी म्हणून पैसे घालू नकोस, पायांसाठी घेतलंस आणि डोक्याला चिमूटभर मिळालं तर बोनस.

एक ठिकाण मात्र खरंच इंटरेस्टिंग आहे आणि ते नेमकं तुझं, झोप. २०२४ मध्येच जर्मनीत १५ लोकांना रात्रभर जागवून एकदाच मोठा डोस दिला, वजनाच्या किलोमागे ०.३५ ग्रॅम, तर काही तासांत मेंदूतल्या फॉस्फेटच्या मोजमापात फरक दिसला आणि विचार करायचा वेग कमी घसरला. तर्क असा की थकलेल्या मेंदूत मागणी जास्त, म्हणून दरवाजा जरा जास्त उघडत असेल. पण बघ, पंधरा लोक, एक रात्र. पन्नास किलोच्या मुलीला तो डोस सतरा-साडेसतरा ग्रॅम होतो, तो रोज रात्री अभ्यासाला बसताना घ्यायचा विचारही करू नकोस, पोट तर बिघडेलच. आणि त्यातही घसरण कमी झाली, झोपलेल्या माणसाइतकं डोकं चाललं असं नाही. पाठ केलेलं पक्कं होतं ते झोपेतच, ते काम क्रिएटिन करत नाही.

तर तू असं कर, पुढचे दोन आठवडे पावडर नको. स्पीडचे दिवस चार मिनिटांच्या रेस्टने कर, रात्री अकराला पुस्तक मिट आणि सकाळचं मैदान शक्य असेल तर तासभर पुढे ढकल, निदान साडेसहा तास झोप होऊ दे, आणि क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, फेरिटिन एकाच दिवशी करून टाक. मग रिपोर्ट ठीक असेल आणि आईचीही हरकत नसेल तर रोज ३ ग्रॅम सुरू कर, वजन दर रविवारी बघ, आणि दीडेक किलोच्या वर गेलं किंवा ८०० ची वेळ घसरायला लागली तर बंद कर. आणि वहीतल्या वेळा मला पाठव, सगळ्या धावांच्या, नुसती बेस्ट नको.